बीबीएसमधलं सळईचं वजन कसं तपासावं

एका बीमचा बीबीएस समोर आला आहे. बीबीएस म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल: कुठल्या जाडीची सळई, किती लांब कापायची, किती नग लागतील आणि त्याचं वजन किती भरेल, याचा तक्ता. यात ओळी तीनच आहेत. तळाशी एकूण वजन लिहिलंय २५४.८३ किलो. कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली तर जुळते. काँक्रीटच्या दर घनमीटरला किती लोखंड पडतं ते काढलं तर साधारण ९५ किलो येतं, आणि साध्या बीमला ते शोभतंही. इथे थांबून सही करायचा मोह होतो. पण या तीनपैकी दोन ओळी चुकलेल्या आहेत. एक कमी भरते, दुसरी जास्त, आणि दोघींनी मिळून एकमेकींना झाकलंय.

म्हणून वजन तपासताना तळच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. तो आकडा चार गोष्टींवर उभा असतो: व्यास, लांबी, नग आणि दर मीटरचं वजन. या चारही गोष्टी ओळीओळीने पाहिल्या की बेरजेकडे वळायचं. हाच बीम धरून ते कसं करायचं ते पाहू.

ड्रॉइंग आणि तक्ता शेजारी ठेवा

ड्रॉइंग म्हणतं: बीम २३० मिमी रुंद, ४५० मिमी उंच. दोन्ही टोकांना ३०० मिमीचे कॉलम, मधला मोकळा गाळा ३७०० मिमी. म्हणजे बाहेरून बाहेरपर्यंत ४३०० मिमी. खाली १६ मिमीच्या तीन सळया, वर १२ मिमीच्या दोन, सगळ्या सलग. दोन्ही टोकांना काटकोनात वळवून ३०० मिमीचा पाय. रिंगा ८ मिमीच्या, १५० मिमी अंतराने. कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर राहणारा काँक्रीटचा थर, बीमला सगळीकडे २५ मिमी, कॉलमच्या बाहेरच्या तोंडाशी ४० मिमी. असे बीम सहा.

आणि तक्ता असा:

| खूण | व्यास, मिमी | नग | कटिंग लांबी, मी | एकूण लांबी, मी | वजन, किलो |
|---|---|---|---|---|---|
| अ, खालची | १६ | १८ | ४.७६ | ८५.६८ | १३५.३७ |
| ब, वरची | १२ | १२ | ४.७७ | ५७.२४ | ३५.३२ |
| क, रिंग | ८ | १५० | १.४२ | २१३.०० | ८४.१४ |
| एकूण | | | | | २५४.८३ |

दर मीटर वजनाचा रकाना यात नाही. पुष्कळ तक्त्यांत तो नसतो, सूत्राच्या पोटात दडलेला असतो. चुकीला लपायला याहून सोयीची जागा नाही.

पहिलं काम: नग मोजा, आणि ड्रॉइंगवरूनच मोजा

मुख्य सळयांचे नग सोपे. खाली तीन, बीम सहा, म्हणजे १८. वर दोन, म्हणजे १२. इथे पाहायचं ते एवढंच की रकान्यातला आकडा एका बीमचा आहे की सगळ्यांचा. मी एकदा असा तक्ता पाहिलाय ज्यात रिंगांचे नग सहा बीमचे मिळून लिहिले होते आणि पुढच्या रकान्यात कुणीतरी पुन्हा सहाने गुणलं होतं. अशी चूक या बीममध्ये झाली तर, लांबी बरोबर असूनही, रिंगांचं वजन ४३० किलोंच्या पुढे जाईल. ती पकडायला गणितही लागत नाही. साध्या बीममध्ये रिंगा मुख्य सळयांच्या दुपटीहून जास्त भरत नाहीत, हे नजरेलाच खुपतं. म्हणून प्रत्येक तक्त्यावर ‘एका बीमचे नग’ आणि ‘बीमची संख्या’ हे दोन रकाने वेगळे असावेत, असं माझं मत आहे. जागा जाते, पण वाद वाचतो.

रिंगांचे नग मोजताना मात्र जरा थांबायचं. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीवर, शेवटचीही तेवढ्याच अंतरावर. म्हणजे रिंगा पसरल्या ३७०० वजा १००, म्हणजे ३६०० मिमीत. त्याला १५० ने भागलं की २४ येतात. हे २४ झाले रिंगांमधले गाळे, रिंगा नव्हेत. कुंपणाला दहा गाळे असतील तर खांब अकरा लागतात, तसंच इथे. २४ गाळे म्हणजे २५ रिंगा. सहा बीमच्या १५०. तक्त्यात १५० आहे, बरोबर. भागाकार पूर्ण आला नसता तर गाळे वरच्या पूर्ण अंकाला न्यायचे आणि मग एक मिळवायचा.

टोकांजवळ रिंगा दाट आणि मध्ये विरळ असतील तर उलटी चूक होते. समजा याच ३६०० मिमीत दोन्हीकडचे ९०० मिमी १०० च्या अंतराने आणि मधले १८०० मिमी १५० च्या अंतराने सांगितले आहेत. गाळे झाले नऊ, बारा आणि नऊ, मिळून तीस, रिंगा एकतीस. पण प्रत्येक पट्टा सुटा मोजून प्रत्येकात एक मिळवला की दहा, तेरा, दहा मिळून तेहतीस होतात. जिथे पट्टे जुळतात तिथली रिंग दोनदा मोजली गेली. आधी सगळे गाळे एकत्र करायचे, एक मिळवायचा तो शेवटी, एकदाच.

दुसरं काम: कटिंग लांबी स्वतः काढा

तक्त्यातली लांबी झाकून ठेवायची आणि ड्रॉइंगवरून आपली काढायची. उलट केलं तर, म्हणजे आधी तक्त्यातली लांबी वाचली, तर मन तिलाच बरोबर ठरवायच्या मागे लागतं. हे माझं इतक्या वेळा झालंय की आता मी खरोखरच त्या रकान्यावर पट्टी ठेवतो.

खालची सळई घेऊ. बाहेरून बाहेरपर्यंत ४३००, दोन्हीकडचं कव्हर ४० धरून ८० वजा, उरले ४२२०. दोन पाय ३०० चे, म्हणजे ६०० मिळवा: ४८२०. आता दोन वळणांची वजावट. काटकोनाच्या एका वळणाला व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १६ मिमीला ३२ मिमी. दोन वळणांना ६४. उरले ४७५६, म्हणजे ४.७६ मीटर. तक्त्यातली लांबी जुळते.

ही वजावट का करायची, हे समजलं की पाठ करावं लागत नाही. आपण मापं घेतो ती सळईच्या बाहेरच्या कडेने, कोपऱ्यापर्यंत. पण सळई कोपऱ्यापर्यंत जातच नाही, ती आधीच गोलाईत वळते. वळणाची आतली त्रिज्या व्यासाच्या दुप्पट असेल तर बाहेरच्या मापात कोपऱ्याचा वाटा दोन्ही बाजू मिळून व्यासाच्या सहापट धरला जातो. सळईची मधली रेषा प्रत्यक्षात कापते ती सुमारे ३.९३ पट. फरक दोन पटींहून किंचित जास्त. म्हणून काटकोनाला २ व्यास. १३५ अंशांच्या वळणाला याच चालीने ३ व्यास धरायची पद्धत आहे.

वरच्या १२ मिमीच्या सळईला सगळं तसंच, फक्त वजावट ४८ मिमी. लांबी ४७७२, म्हणजे ४.७७. तीही जुळते. सळई बारीक झाली तर कटिंग लांबी जराशी वाढते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतं, पण कारण ही वजावटच.

आता रिंग. बीमची रुंदी २३०, दोन्हीकडचं कव्हर ५० वजा, रिंगेची बाहेरची रुंदी १८०. उंची ४५० वजा ५०, म्हणजे ४००. चारी बाजू मिळून ११६०. दोन हुक, प्रत्येकी व्यासाच्या दहापट, म्हणजे ८० आणि ८०. झाले १३२०. वळणं पाच: तीन कोपरे काटकोनाचे, त्यांची वजावट ४८, दोन हुकांची वळणं १३५ अंशांची, त्यांचीही ४८. उरले १२२४, म्हणजे १.२२ मीटर.

पट्टी उचलली तर तक्त्यात १.४२.

वीस सेंटिमीटर कुठून आले? इथे थोडी खटपट करावी, कारण चुकीचं मूळ सापडलं की बाकीच्या तक्त्यांत ती कुठे पसरली असेल तेही कळतं. २३० आणि ४५० तसेच घेऊन चारी बाजू धरल्या तर १३६० होतात. हुक आणि वजावट तीच ठेवली की १४२४. म्हणजे तक्ता करणाऱ्याने कव्हर वजा करायचंच सोडलं. चारी बाजूंना दरवेळी ५० मिमी, मिळून बरोबर २०० मिमी. हा फरक असा गोल आकड्यात आला की कव्हर विसरल्याचाच संशय आधी घ्यावा.

साइटवर हीच चूक वेगळ्या भाषेत कळते. शटरिंगमध्ये रिंग उतरवताना मिस्त्री म्हणतात, ‘साहेब, ही रिंग दोन्हीकडे फळीला घासते, कव्हर ब्लॉक कुठं बसवू?’ रिंगेची बाहेरची रुंदी आणि साच्याची आतली रुंदी एकच झालीय. हे कानावर पडेपर्यंत किती तरी तुकडे कापून झालेले असतात.

इथे एक सावधगिरी. हुकाला किती धरायचं आणि वळणाला किती वजा करायचं, याचे नियम ऑफिसागणिक थोडे बदलतात. काही जण वजावट करतच नाहीत. तसं केलं तर आपली रिंग १.३२ मीटर होते, दीडशे रिंगांना सुमारे सहा किलोंचा फरक पडतो. याला लगेच चूक म्हणू नका. ड्रॉइंगवरच्या सर्वसाधारण सूचना वाचा, नियम कुठला ठरलाय ते विचारा आणि मग बोला. कव्हर विसरणं ही चूक. वजावट न करणं हा कधी नियम असू शकतो. मुख्य सळयांवर तर या वजावटीवरून भांडण्यात अर्थच नाही: १८ सळयांच्या ३६ वळणांचे मिळून पावणेदोन किलोंच्या आसपास होतात. रिंगेत मात्र सव्वा मीटरच्या तुकड्यात पाच वळणं असतात, त्यामुळे तिथे ती जाणवते.

तिसरं काम: दर मीटर वजन, आणि तेही उलट दिशेने

सळईचं दर मीटर वजन काढायचं सूत्र बहुतेकांना तोंडपाठ असतं: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. हे १६२ लोखंडाच्या घनतेतून येतं. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली, गोल छेदाचं क्षेत्रफळ घेतलं आणि एक मीटर लांबी घेतली की व्यासाच्या वर्गाला १६२.२ ने भागायचं राहतं. कुणी १६२ धरतं, कुणी त्यापुढचे दशांशही. फरक हजारात एकदोनाचा, तो सोडून द्यावा.

यातून ८ मिमीला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८५ किलो येतात. हे आकडे लक्षात ठेवायची एक युक्ती आहे. सूत्रात वर्ग असल्यामुळे व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं. ८ चं ०.३९५ आठवत असेल तर १६ चं चार पट, १.५८. १० चं ०.६१७ असेल तर २० चं २.४७. कुणी १६ मिमीला ८ च्या दुप्पट वजन लावलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

पण तक्त्यात हा रकाना नाहीच, मग तपासायचं काय? वजनाला एकूण लांबीने भागायचं. तक्ता करणाऱ्याने कुठला आकडा वापरला ते आपोआप बाहेर येतं.

अ ओळ: १३५.३७ भागिले ८५.६८, येतात १.५८. सोळा मिमी. ठीक.

क ओळ: ८४.१४ भागिले २१३, येतात ०.३९५. आठ मिमी. म्हणजे या ओळीत दर मीटर वजन बरोबर आहे, चूक फक्त लांबीत होती.

ब ओळ: ३५.३२ भागिले ५७.२४, येतात ०.६१७. हा बाराचा आकडा नव्हे, दहाचा. व्यासाच्या रकान्यात १२ लिहिलंय आणि वजन १० मिमीचं लावलंय.

हे कसं होतं तेही सांगतो, कारण नेहमी एकाच रस्त्याने होतं. आधीच्या आवृत्तीत वरच्या सळया १० मिमीच्या होत्या. डिझाइन बदललं, कुणीतरी व्यासाच्या रकान्यात १० खोडून १२ केलं. पण वजनाच्या सूत्रात ०.६१७ हा आकडा हाताने टाकलेला होता, तो व्यास वाचतच नव्हता. तक्ता नवा दिसला, वजन जुनंच राहिलं. म्हणून ज्या ओळीत ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आल्यावर बदल झालाय, ती ओळ मी सगळ्यात आधी भागून पाहतो.

संगणकावर तक्ता असेल तर हे एका रकान्याचं काम आहे. समजा `A` मध्ये खूण, `B` मध्ये व्यास, `C` मध्ये नग, `D` मध्ये कटिंग लांबी, `E` मध्ये एकूण लांबी आणि `F` मध्ये वजन आहे. `G` आणि `H` मध्ये अनुक्रमे ही दोन सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
=ROUND(F2/E2,3)
=ROUND(B2^2/162.2,3)
```

पहिला आकडा तक्त्याने वापरलेला, दुसरा व्यासावरून यायला हवा तो. दोघांत ०.०१ पेक्षा जास्त फरक दिसला की ती ओळ उघडून पाहा. आपल्या तक्त्यात ब ओळीसमोर ०.६१७ आणि ०.८८८ असे दोन आकडे शेजारीशेजारी उभे राहतात, मग शोधायला काही उरत नाही.

या तपासणीला एक मर्यादा आहे आणि ती विसरू नये. भागाकार फक्त व्यास आणि वजन यांचं नातं सांगतो. व्यासच ड्रॉइंगपेक्षा वेगळा लिहिला असेल, किंवा लांबी किंवा नग चुकले असतील, तर भागाकार निर्धास्तपणे बरोबर येतो. क ओळीचं तेच झालं. म्हणून पहिली दोन कामं आधी, हे तिसरं.

चौथं काम: गुणाकार, आणि मग व्यासानुसार बेरीज

नग गुणिले कटिंग लांबी म्हणजे एकूण लांबी. १८ गुणिले ४.७६, ८५.६८. १२ गुणिले ४.७७, ५७.२४. गुणाकार सहसा चुकत नाही, कारण तो यंत्र करतं. चुकतं ते एकक. लांबीचा एखादा कप्पा मिलिमीटरमध्ये राहून गेला की वजन हजारपट होतं, आणि ते इतकं वेडंवाकडं दिसतं की लपत नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे एखादा आकडा अक्षरांसारखा टाइप झालेला असणं. तो कप्प्यात डावीकडे चिकटून बसतो आणि `SUM` त्याला गुपचूप वगळतो. बेरीज थोडी कमी येते, कुणालाही कळत नाही. वजनाच्या रकान्यात एखादा आकडा इतरांच्या रांगेत उभा नाही असं दिसलं, तर त्या कप्प्याचं स्वरूप आधी संख्येचं करून तो तिथेच पुन्हा टाइप करावा.

आता दोन्ही ओळी दुरुस्त करू. ब ओळ: ५७.२४ गुणिले ०.८८८, ५०.८३ किलो. क ओळ: १५० गुणिले १.२२, १८३ मीटर, गुणिले ०.३९५, ७२.२९ किलो. अ ओळ तशीच, १३५.३७. बेरीज २५८.४९ किलो.

आधीची बेरीज २५४.८३ होती. फरक साडेतीन किलोंच्या जरा वर, म्हणजे शेकडा दीडसुद्धा नाही. एवढा फरक काट्यावर, कातरणीत, कुठेही जिरून जातो. पण ओळी सुट्या पाहिल्या तर १२ मिमीची सळई साडेपंधरा किलो कमी धरली होती आणि ८ मिमी जवळपास बारा किलो जास्त. माल व्यासानुसार मागवतात. एकूण वजन जुळतंय म्हणून जादा आलेल्या ८ मिमीतून वरच्या सळया काढता येत नाहीत. साडेपंधरा किलो म्हणजे १२ मिमीची साडेसतरा मीटर सळई. सहा बीमला लागणाऱ्या बारा सळयांपैकी जवळजवळ चार कमी पडल्या असत्या.

म्हणूनच बेरीज नेहमी व्यासावार करावी. मोठ्या तक्त्यात एकाच व्यासाच्या ओळी विखुरलेल्या असतात, त्यांच्यासाठी हे सूत्र पुरतं:

```
=SUMIF(B2:B200,12,F2:F200)
=SUMIF(B2:B200,12,E2:E200)
```

वरचं वजनाचं, खालचं लांबीचं. खालच्याला ०.८८८ ने गुणून वरच्याशी ताडून पाहा. ओळी दोनशे असल्या तरी व्यास पाचसहाच असतात, त्यामुळे हा ताळा पाचसहा गुणाकारांत उरकतो.

घनमीटरमागे किती किलो, हा ताळाही शेवटी करायला हरकत नाही. आपले सहा बीम बाहेरच्या मापाने २.६७ घनमीटर होतात. दुरुस्त वजनाने ९७ किलो, चुकीच्या वजनाने ९५. दोन्ही आकडे सारखेच समंजस. या ताळ्याला मी एवढंच काम देतो: दुप्पट, दहापट असल्या ढोबळ चुका पकडायच्या. ओळ तपासायची पळवाट म्हणून त्याचा वापर केला की तो आपल्याला असाच फसवतो.

काट्यावर वेगळं वजन आलं तर

तक्ता दुरुस्त झाला, माल आला, काट्यावर घातला आणि आकडा पुन्हा जुळत नाही. अशा वेळी तक्त्यावर संशय घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रोलिंगचा फरक. गिरणीतून येणारी सळई सूत्राइतकीच भरेल असं नाही. भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये ही सूट ठरवून दिलेली आहे: १० मिमीपर्यंत अधिक-उणे शेकडा ७, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५, आणि त्याहून जाड सळईला ३. ही सूट सबंध खेपेच्या सरासरीला लागू होते; सुट्या नमुन्याचा निकष वेगळा आहे. म्हणजे १२ मिमीची खेप सरासरीने मीटरला ०.८४४ ते ०.९३२ यांच्यामध्ये कुठेही भरली तरी ती मानकात बसते. तपासायचं असेल तर वेगवेगळ्या सळयांचे बरोबर एकेक मीटरचे काही तुकडे कापावेत, लहान काट्यावर तोलावेत आणि सरासरी काढावी. तुकड्याची टोकं सरळ कापलेली हवीत आणि सळईला चिखल किंवा सुटणारा गंज नको, नाहीतर मोजतोय काय तेच कळत नाही. सरासरी ०.८६ आली तर सळई शेकडा तीन हलकी आहे, तक्ता नव्हे.

दुसरी, तुकडे. तक्त्यातलं वजन कापून झालेल्या सळयांचं असतं, मागवायच्या मालाचं नसतं. सळई १२ मीटरची येते. तिच्यातून ४.७६ चे दोनच तुकडे निघतात, अडीच मीटरच्या आसपास उरतं. १८ तुकड्यांना नऊ पूर्ण सळया लागतात, त्यांचं वजन १७० किलोंच्या वर जातं. तक्ता मात्र १३५ म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत. उरलेले नऊ तुकडे दुसऱ्या कामात लागणार असतील तर ते कुठे, हे मागणीपत्रकावर लिहून ठेवावं, बीबीएसच्या वजनात घुसडू नये. तसंच बांधायच्या तारेचं. तीही वेगळी दाखवावी.

एखादी सळई १२ मीटरपेक्षा लांब लागत असेल तर लॅप येतो, म्हणजे दोन सळया काही लांबीपर्यंत एकमेकींशेजारी ठेवून जोडाव्या लागतात, आणि तो मात्र कटिंग लांबीतच मोजलेला हवा. आपल्या बीममध्ये तो प्रश्न नाही, पण सलग गाळ्यांच्या बीममध्ये बारा मीटरच्या वरची कटिंग लांबी दिसली आणि सोबत लॅपचा उल्लेख नसला तर ती ओळ परत पाठवावी.

राहिला प्रश्न कापून झालेल्या रिंगांचा. तक्ता दुरुस्त करून सुधारित प्रत खाली पोचली तोवर १.४२ चे काही तुकडे कापून ठेवलेले असतात, काही वळवूनही झालेले असतात. नुसते कापलेले असतील तर एका टोकाचे वीस सेंटिमीटर उडवून वापरता येतात. वळवलेल्या रिंगा मात्र सरळ करून पुन्हा वळवायला देऊ नका. वळणाच्या जागी सळई एकदा ताणली गेलेली असते. त्या बाजूला काढायच्या, मोजायच्या आणि त्यांचं वजन वाया गेलेल्या मालात वेगळं लिहायचं. जुन्या तक्त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं, आणि मिस्त्रींच्या खिशातली प्रतही आठवणीने मागून घ्यायची.